आधी उतरवा, मग चढवा: मुंबईत रेशन कार्डावरची नावं बदलताना

रेशन कार्डात नाव चढवायचं असो की उतरवायचं, दोन्ही कामांचे अर्ज एकेका पानाचे आहेत आणि कागदही मोजकेच लागतात. तरीही मुंबईतल्या शिधावाटप कार्यालयांत लोक तीन-तीन खेपा घालताना दिसतात. कागद अपुरा पडला म्हणून फिरावं लागलं, असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा क्रम चुकलेला असतो. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून उतरायच्या आत सासरी अर्ज टाकलेला असतो, किंवा कुटुंबप्रमुख वारले आहेत आणि अर्ज अजून त्यांच्याच नावाच्या कार्डावर चालवायला बघितलं जातं.

सगळं एका गोष्टीवर येऊन अडतं: एक माणूस एकाच कार्डावर. पूर्वी हा नियम कागदावर होता. आता कार्डावरच्या प्रत्येक नावाला आधार क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या कार्डावर घालायला गेलं की संगणक तिथेच थांबवतो. मग समोरच्या कारकुनाची कितीही इच्छा असली तरी तो पुढे जाऊ शकत नाही.

हे नीट कळावं म्हणून एक घर धरू. लालबागच्या चाळीतलं कुटुंब, कार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. कार्डावर चार नावं: सासरे, सासू, मुलगा आणि अविवाहित नणंद. कुटुंबप्रमुख सासरे, आणि ते चार महिन्यांपूर्वी वारले. मुलाचं लग्न दीड वर्षापूर्वी झालं. सून कराड तालुक्यातली, तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. बाळ पाच महिन्यांचं. म्हणजे एक नाव उतरवायचं, दोन चढवायची आणि कुटुंबप्रमुखही बदलायचा. मुंबईत अशी घरं पुष्कळ आहेत.

अर्जाआधी: कार्डाची खरी स्थिती बघा

हातातलं कार्ड आणि संगणकातलं कार्ड एकच असेल असं धरून चालू नका. पुस्तिकेत नाव हाताने लिहून शिक्का मारलेला असतो, पण संगणकात नोंद झालेलीच नसते. कधी कधी याच्या उलट असतं. धान्य देताना दुकानातलं पॉस मशीन संगणकातलीच नोंद बघतं, म्हणून तीच खरी मानायची.

ती बघायला कार्डाचा बारा अंकी क्रमांक लागतो. महाराष्ट्रातल्या कार्डांचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो. जुन्या पुस्तिकेवर तो नसेल तर दुकानातून मिळालेल्या पॉस मशीनच्या पावतीवर सापडतो. पावतीही नसेल तर दुकानदार मशीनवर घरातल्या कुणाचा तरी अंगठा घेऊन सांगू शकतो. क्रमांक मिळाला की mahaepos.gov.in वर `RC Details` मध्ये तो टाका. कार्डावर किती जण आहेत, कार्ड कुठल्या योजनेत आहे आणि या महिन्याचं धान्य उचललं आहे का, हे तिथे दिसतं. त्या पानाचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवा. पुढे वाद झालाच तर अर्ज करण्याआधी कार्डाची स्थिती काय होती हे दाखवायला तो कामी येतो.

याच टप्प्यावर मुंबईकरांनी आणखी एक काम विसरू नये. जुन्या कार्डाच्या सगळ्या पानांची, शिक्के आणि तारखा वाचता येतील अशी झेरॉक्स काढून ठेवा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्रता ठरवताना १ जानेवारी २०००, आणि सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११, या तारखांच्या आधीपासून तिथे राहत असल्याचे पुरावे मागतात. जुनं रेशन कार्ड हा त्यातला नेहमी पुढे येणारा कागद. नवं कार्ड मिळताना जुनं जमा करून घेतलं आणि तुमच्याकडे प्रत नसेल, तर दहा वर्षांनी ती शोधत बसावं लागतं. चाळीच्या खोलीबद्दलही लोकांना भीती असते की वडिलांचं नाव कार्डावरून काढलं तर खोलीवरचा हक्क जाईल. खोलीचं भाडेकरूपण किंवा वारसा रेशन कार्डावरच्या नावाने ठरत नाही. मयत माणसाचं नाव कार्डावर ठेवल्याने तो हक्क वाचत नाही आणि काढल्याने बुडतही नाही.

पहिलं काम: मयताचं नाव कमी करणं आणि कुटुंबप्रमुख बदलणं

सासऱ्यांचं नाव आधी का काढायचं? कारण कार्डावरचा प्रत्येक बदल कुटुंबप्रमुखाच्या नावाने आणि सहीने मागितला जातो. संगणकात सासरे अजून कुटुंबप्रमुख असतील तर सुनेच्या अर्जावर सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय इतरांचं नातं कुटुंबप्रमुखाशी जोडून लिहिलेलं असतं. तो बदलला की नात्यांचे रकाने बदलतात. सुनेचं आणि बाळाचं नातं दोनदा लिहायला लागू नये, यासाठीही हे काम आधी उरकावं.

मृत्यू दाखला महापालिकेचा हवा. मुंबईत मृत्यू झाला असेल तर तो संबंधित प्रभागाच्या आरोग्य खात्यात नोंदवलेला असतो. मृत्यू गावी झाला असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला चालतो. रुग्णालयाने दिलेला मृत्यूच्या कारणाचा कागद किंवा स्मशानाची पावती चालत नाही, कारण ती कायद्याने मृत्यूची नोंद होत नाही. नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली असेल तर आधी उशिराची नोंद करून घ्या, त्यानंतरच रेशन कार्डाकडे वळा.

इथे सगळ्यात जास्त अडचण नावाची होते. कार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळकृष्ण' आणि मृत्यू दाखल्यावर रुग्णालयाने लिहिलेलं तिसरंच काहीतरी. मग मयत आणि कार्डावरचा माणूस एकच, हे कारकुनाने कशावरून मानायचं? अशा वेळी मयताच्या आधारची प्रत जोडा आणि साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र द्या: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, नातं अमुक, मृत्यूची तारीख अमुक. आडनावच चुकलं असेल किंवा वडिलांच्या नावात फरक असेल, तर घोषणापत्रावर भिस्त ठेवू नका. महापालिकेतून दाखलाच दुरुस्त करून घ्या. तो पुढे बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामातही लागणारच आहे.

नाव कमी करण्याचा अर्ज नमुना ९. त्यात कार्डाचा क्रमांक, दुकानाचा क्रमांक, पत्ता, कमी करायचं नाव आणि कारण भरायचं. कारणाच्या जागी नुसतं 'मयत' लिहून सोडू नका, मृत्यूची तारीख आणि दाखल्याचा नोंदणी क्रमांकही लिहा. सोबत मृत्यू दाखल्याची प्रत, मूळ रेशन कार्ड आणि त्याची झेरॉक्स, अर्जदाराच्या आधारची प्रत. प्रतींवर स्वतःची सही करून 'मूळ प्रतीप्रमाणे' लिहिलं की पुरतं. राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करायची प्रथा राज्याने २०१५ मध्येच काढून टाकली आहे. मूळ कागद मात्र तपासायला सोबत न्या.

आता कुटुंबप्रमुख. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ च्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षं पूर्ण झालेली सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही रेशन कार्डासाठी कुटुंबप्रमुख असते. आपल्या घरात ती सासू. मुलाने स्वतःचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लिहून अर्ज दिला तर तो परत यायची शक्यता मोठी, आणि परत करणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. अर्ज सासूच्या नावाने, सही तिचीच. सही येत नसेल तर अंगठा. मुलाने सोबत जायला हरकत नाही.

कुटुंबप्रमुख बदलताना नात्यांचे रकाने नीट तपासून घ्या. जुन्या नोंदीत सासूपुढे 'पत्नी' असतं, ते आता 'स्वतः' व्हायला हवं. मुलगा आणि मुलगी यांची नाती तशीच राहतात, कारण ती वडिलांचीही मुलं आणि आईचीही. पण वारलेले कुटुंबप्रमुख आजोबा असतील आणि आता प्रमुख काकू होणार असेल, तर सगळ्यांची नाती नव्याने लिहावी लागतात. घाईत 'पत्नी' तसंच राहिलं तर कार्डावर एक स्त्री कुटुंबप्रमुख आणि स्वतःचीच पत्नी दिसते. ऐकायला गंमत वाटते, पण त्या दुरुस्तीसाठी पुन्हा एक अर्ज द्यावा लागतो. कार्डातल्या अशा फेरफारासाठी नमुना १४ असतो.

मयताचा मोबाईल नंबर लगेच बंद करू नका. कार्डाला तोच जोडलेला असतो आणि ऑनलाइन काम करताना ओटीपी त्यावर जाण्याची शक्यता असते. सासूच्या आधारला तिच्या वापरातला नंबर जोडून होईपर्यंत ते सिम चालू ठेवा.

नाव न काढता चालतं, असं पुष्कळ घरांना वाटतं, कारण बाकी कोणीही अंगठा दिला की पूर्ण कार्डाचं धान्य मिळत राहतं. पण सदस्यांची केवायसी प्रत्येकाच्या बोटांच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर होते. मयताची ती होणार नाही, आणि हयात नसलेल्या सदस्याचं धान्य उचलल्याचा ठपका घरावर येतो. प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो. सासरे गेल्यावर २० किलोचे १५ व्हायला हवेत, आणि तेवढेच उचलावेत.

दुसरं काम: माहेरच्या कार्डावरून सुनेचं नाव

लालबागच्या कार्यालयातून हे होत नाही. नाव कराड तालुक्यातल्या कार्डावर आहे, म्हणून ते तिथल्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून कमी होणार. अर्जही माहेरच्या कार्डाच्या कुटुंबप्रमुखाचा, म्हणजे बहुधा तिच्या आईचा किंवा वडिलांचा. मुंबईत शिधावाटप अधिकारी आणि जिल्ह्यांत तहसीलदार, हा फरक लक्षात ठेवला की चुकीच्या दारात जावं लागत नाही. माहेर मुंबईतच, समजा मालवणीला असेल, तर तिथल्या हद्दीचं शिधावाटप कार्यालय.

कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, सुनेच्या आधारची प्रत आणि माहेरचं कार्ड. मुंबईत विवाह नोंदणी महापालिकेकडे होते. नोंदणी केलेली नसेल तर आता करा, कारण सासरच्या अर्जालाही हाच कागद लागणार आहे. लग्नपत्रिका आणि फोटो काही ठिकाणी चालवून घेतात, पण त्यावर विसंबून कराडची एसटी पकडू नये.

तिथून नाव कमी केल्याचा दाखला मिळतो. त्यावर कार्डाचा बारा अंकी क्रमांक, कमी केलेलं नाव, तारीख, सही-शिक्का आणि जावक क्रमांक आहे का ते खिडकीवरच बघून घ्या. मग घरी येऊन माहेरच्या कार्डाचा क्रमांक पुन्हा `RC Details` मध्ये टाका. दाखला हातात आणि संगणकात नाव तसंच, हा प्रकार नेहमीचा आहे. कागद लिहिणारा एक आणि नोंद घेणारा दुसरा असतो. नाव तिथे दिसत असेल तर लालबागला अर्ज टाकू नका. तो 'आधार आधीच दुसऱ्या कार्डावर' या कारणाने परत येणारच. माहेरच्यांना तहसीलमध्ये जाऊन दाखल्याचा जावक क्रमांक दाखवून नोंद करून घ्यायला सांगा.

सून परराज्यातली असेल तर त्या राज्याचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणणं हेच सगळ्यात वेळखाऊ काम ठरतं. तिचं नाव कधीच कोणत्या कार्डावर नव्हतं, असंही असू शकतं. तेव्हा नाव नसल्याचा दाखला किंवा तसं स्वयंघोषणापत्र मागतात. ते खोटं देऊ नका. आधारवरून खरं काय ते कळतंच.

एक महिना असा जाऊ शकतो की सुनेचं नाव माहेरी कमी झालेलं असेल आणि सासरी चढलेलं नसेल. त्या महिन्याचं तिचं ५ किलो धान्य कुठेच मिळणार नाही. हे टाळायचं म्हणून आधी सासरी चढवायचा प्रयत्न करू नका, तो फसतो. त्यापेक्षा माहेरचं त्या महिन्याचं धान्य उचलून झाल्यावर नाव कमी करा आणि सासरचा अर्ज लगेच द्या. बदलाचा परिणाम सहसा पुढच्या महिन्याच्या धान्यात दिसतो.

तिसरं काम: सून आणि बाळ चढवणं

नाव वाढवण्याचा अर्ज नमुना ८. दोघांची नावं एकाच अर्जात देता येतात. तरीही सुनेचं प्रकरण थोडंसं जरी गुंतलेलं असेल तर दोन वेगळे अर्ज द्यावेत, नाहीतर तिच्या एका त्रुटीपायी बाळाचं नावही लटकतं. बाळाच्या बाबतीत दुसऱ्या कार्डाचा प्रश्नच येत नाही.

सुनेसाठी विवाह प्रमाणपत्र, आधार, माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आणि मूळ रेशन कार्ड. नाव कोणतं लिहायचं यावर घरोघरी चर्चा होते. आज तिच्या आधारवर जे नाव आहे तेच अर्जात लिहा, मग ते माहेरचं असो की सासरचं. संगणक नाव आधारशी ताडून बघतो. अर्जात सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असं झालं की अर्ज अडकतो. अर्ज चालू असताना मध्येच आधारवरचं नाव बदलायला जाऊ नका. आधी आधार बदला आणि बदललेलं आल्यावर अर्ज करा, किंवा माहेरच्या नावानेच चढवून घ्या. घाईचं काम नसेल तर पहिला मार्ग बरा. धान्य थांबलं असेल तर दुसरा.

बाळासाठी जन्म दाखला आणि आई-वडिलांचं आधार. मुंबईत बाळ रुग्णालयात जन्मलं की नोंद होते, पण बहुतेकदा बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. कोऱ्या नावाच्या दाखल्यावर ना बाळाचं आधार निघतं, ना रेशन कार्डावर नाव चढतं. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत प्रभाग कार्यालयात बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बारसं झालं की पहिलं हे काम करा.

त्यानंतर बाळाचं आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं घेत नाहीत. आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडून ते बनतं. म्हणून लहान बाळाची रेशनची केवायसी अंगठ्याने होऊ शकत नाही आणि दुकानदाराने त्यासाठी बाळाला आणायला सांगण्यात अर्थ नाही. मूल पाच वर्षांचं झाल्यावर मात्र ठसे आधारमध्ये घालावे लागतात, आणि ते केल्याशिवाय त्याची केवायसी होत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा अंगठा मशीनवर लागत नाही अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. पंधराव्या वर्षी ठसे पुन्हा अद्ययावत करायचे असतात.

वयावरून धान्य कमी-जास्त होत नाही. प्राधान्य कार्डावर नोंदलेलं पाच महिन्यांचं बाळही ५ किलोचं हक्कदार असतं. अंत्योदय कार्डावर मात्र माणसं कितीही असोत, धान्य ३५ किलोच. तिथे नाव चढवल्याने धान्य वाढत नाही आणि मयताचं काढल्याने घटत नाही. पांढऱ्या कार्डावर धान्य नसतंच, त्यामुळे तिथे हे सगळं फक्त नोंदीपुरतं.

अर्ज कुठे आणि कसा

दोन वाटा आहेत. rcms.mahafood.gov.in वर `Public Login` मधून, किंवा कार्यालयात कागदावर. ऑनलाइनला आधी बारा अंकी क्रमांकाने खातं उघडावं लागतं आणि पडताळणीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो. घरातल्या एकाच्या तरी आधारला चालू नंबर जोडलेला नसेल तर ही वाट सुरूच होत नाही. अर्ज भरल्यावर कागदांची स्कॅन प्रत चढवायची. मोबाईलने तिरका काढलेला, कडा कापलेला फोटो टाकू नका. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का वाचता आला नाही की त्रुटी लागते. अर्ज क्रमांक लिहून ठेवा. बदल मंजूर झाल्यावर क्यूआर कोड असलेली ई-शिधापत्रिका तिथूनच उतरवून घेता येते.

आपल्यासारखं प्रकरण, म्हणजे मृत्यू, नवा कुटुंबप्रमुख आणि परजिल्ह्यातली सून, हे सगळं एकदम असेल तर कार्यालयातली वाट सोपी. कारकुनाला कागद समोर ठेवून सांगता येतं. फक्त कार्यालय तुमच्याच हद्दीचं हवं. मुंबईत शिधावाटप विभाग परिमंडळांत वाटलेला आहे आणि प्रत्येक परिमंडळाखाली क्रमांकाची शिधावाटप कार्यालयं आहेत. तुमचं कार्यालय कोणतं हे अधिकृत शिधावाटप दुकानाच्या फलकावर लिहिलेलं असतं. घर बदलून दुसऱ्या हद्दीत गेला असाल तर आधी कार्डाची बदली करून घ्या. कार्ड परळ भागातल्या दुकानाला आणि अर्ज कांदिवलीत, हे चालत नाही.

कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख हवी. 'ठेवून जा, आठवड्याने या' यावर निघू नका. पोच नसेल तर पुढे तक्रार कशाच्या आधारावर करणार? काही प्रकरणांत शिधावाटप निरीक्षक घरी येऊन बघतो. तो आला तेव्हा घर बंद मिळालं तर अहवाल तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

नाव चढलं, पण धान्य वाढलं नाही

सगळ्यात जास्त चिडचिड इथे होते आणि त्यामागचं कारण फार कमी लोकांना कोणी समजावून सांगतं. नव्या कार्डावर पाच नावं आहेत: सासू, मुलगा, नणंद, सून, बाळ. हिशेबाने २५ किलो. दुकानात मात्र मशीन १५ किलोच दाखवतं. दुकानदाराने दहा किलो मारले असा संशय येतो. आधी पावती बघा. मशीनवरच १५ दिसत असेल तर दुकानदाराकडे द्यायला तेवढंच आलेलं असतं.

अन्न सुरक्षा अधिनियमाखाली राज्याला लाभार्थ्यांची ठरलेली संख्या मिळालेली आहे. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी, आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. योजना राज्यात १ फेब्रुवारी २०१४ ला सुरू झाली आणि ही मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. याला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरलेला असेल तर नवं नाव कार्डावर येतं, पण धान्याच्या यादीत जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. मयतांची, लग्न होऊन गेलेल्यांची, स्थलांतरितांची नावं कमी झाली की जागा होतात. तुम्ही सासऱ्यांचं नाव उतरवलंत तीही अशीच एक जागा, मात्र ती तुमच्याच घरासाठी राखून ठेवलेली नसते.

म्हणून कार्यालयात विचारताना 'नाव चढलं का' एवढंच विचारू नका. 'या सदस्यांचा समावेश प्राधान्य योजनेत झाला का, आणि झाला नसेल तर प्रतीक्षेत नोंद आहे का' असं विचारा. नोंद नसेल तर योजनेत समाविष्ट करण्याचा वेगळा अर्ज द्या. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. सून नोकरी करत असेल तर तिची मिळकत घराच्या उत्पन्नात धरली जाते. हा रकाना भरताना याचा विचार करा, कारण चुकीच्या माहितीवर मिळालेला लाभ पुढे वसूल होऊ शकतो.

अर्ज अडला तर

आधी त्रुटी लेखी मागा. 'कागद कमी आहेत' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. कोणता कागद, हे अर्जावर किंवा पोर्टलवर लिहून मिळायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे प्रत्येक कार्यालयाला आपल्या सेवा, त्यांची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक लावावा लागतो. त्या फलकाचा फोटो काढा. मुदत पोचीवरच्या तारखेपासून मोजा. ती उलटली किंवा अर्ज नाकारला की ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. त्यासाठी पोच, त्रुटीचं पत्र आणि फलकाचा फोटो एवढं पुरतं.

धान्य किंवा दुकानाबद्दलची तक्रार असेल तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या नंबरांवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नाव चढवण्याचं काम तिथून होत नाही. मंजुरी कार्यालयातूनच येते.

लालबागच्या त्या घराचं सगळं नीट पार पडलं की शेवटची तपासणी दुकानात होते. सासू मशीनवर अंगठा लावते, पावती निघते आणि तिच्यावरचे किलो मोजले जातात. सून योजनेत आली असेल तर तिचीही केवायसी त्याच भेटीत करून टाका. आपला अंगठा लागतो की नाही, हे तिने एकदा स्वतः बघितलेलं बरं. सासूला ताप आला म्हणून कधी तरी धान्य आणायला तिलाच जावं लागेल.